वहिनीनं वाचलेल्या आकृत्या

माझ्या वहिनीनं पाठवलेलं पहिलं उत्तर बारा होतं. बरोबर उत्तर चार होतं. तिचा हिशोब कुठंच चुकला नव्हता. चुकलं होतं ते आकृती वाचण्यात, आणि ते मला त्या दिवशी कळलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मी तेव्हा हिंगोलीत एका खाजगी क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवत होतो. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिलाच. घर पुसेगावजवळच्या एका लहान गावात. थोडी शेती आणि मेंढरांचा कळप, यावर आमचं चाललेलं. भाऊ मेंढरं वळायचा, शेतीचं काम असलं की वहिनी वळायची. मी अकरावीपासून रोज जीपनं हिंगोलीला जायचो. ती लग्न होऊन आली त्या वर्षीपासून माझा डबा तिनं केला. पहिली जीप सुटायच्या आत भाकरी, भाजी आणि ठेचा बांधून ती ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "भावजी, एक भाकर जास्त हाय. कुणाला वाटू नका, तुमीच खा." बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत तो डबा चुकला नाही.

वहिनी स्वतः दहावी नापास होती. बाकीचे सगळे विषय निघाले होते, गणितात अडकली. बीजगणित तिला बरं जमायचं, भूमितीच्या पेपरात मात्र जवळपास काहीच आलं नव्हतं. नंतर लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

मग गावात घरोघरी आरोग्याचं सरकारी काम बघणाऱ्या आशाताईंनी वयामुळं काम सोडलं. गावाला नवी आशा पाहिजे होती. गावातली सून पाहिजे, बाळंतिणींच्या घरी जाण्यात तिला संकोच नको, आणि दहावी पास पाहिजे. आधीच्या दोन गोष्टी वहिनीत होत्याच. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात त्याच आशाताई तिला पावसापाण्यात दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. तेव्हापासून ते काम तिच्या मनात होतं. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, "पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत आम्ही थांबू. पण मार्कमेमो आण. त्याच्याबिगर तुझा अर्ज घेता येणार नाही."

वहिनीनं एका विषयाचा फॉर्म भरला. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आता ह्या वयात त्रिकोन-चौकोन काढून कुणाचं भलं व्हनार हाय?"

वहिनी म्हणाली, "आत्याबाई, मला आदी कळू तर द्या त्रिकोन म्हंजी काय. मग भल्याचं बगू."

क्लाससाठी मी आता हिंगोलीतच खोली घेऊन राहत होतो, रोज शिकवायला घरी नव्हतो. म्हणून आम्ही ठरवलं की क्लासमधल्या जुन्या सराव प्रश्नपत्रिकांतल्या आकृत्यांचे फोटो काढून मी तिला पाठवायचे, तिनं फोनवर पाहून सोडवायच्या आणि उत्तर पाठवायचं. लिहिण्यापेक्षा तिला बोलणं सोपं जायचं. त्यामुळं तिची उत्तरं आवाजाच्या निरोपात यायची. मागं मेंढरांचं ओरडणं आणि मधेच "हुर्र, तिकडं काहून चालली गं!" हेही असायचं.

पहिल्या फोटोत त्रिकोण ABC होता. AB या बाजूवर D हा बिंदू, AC वर E, आणि DE ही रेघ BC ला समांतर. AD सहा, AE आठ, EC काढायचं. अजून एक आकडा होता, नऊ. तो त्रिकोणाच्या बाहेर, डाव्या बाजूला, जरा खालच्या अंगाला छापलेला होता.

वहिनीनं नऊ म्हणजे DB धरलं. सहाला नऊ, तर आठाला बारा. गुणोत्तर एकदम बरोबर.

पण त्या नवाच्या वर-खाली एक बारीक बाण होता. त्याची टोकं A पासून B पर्यंत गेलेली होती. नऊ ही अख्खी AB होती. म्हणजे DB तीनच. सहाला तीन, तर आठाला चार. माझ्या फोनची सावली त्या बाणावर पडली होती, त्यामुळं तो दिसायला फिका होता, पण होता.

मी तिला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिनं फोटो परत उघडून तो बाण शोधला. मग ती म्हणाली, "म्हंजी मला येत होतं."

"व्हय. येतच होतं."

"मग त्या वर्षी बी असंच झालं असंल का?"

त्या प्रश्नानं मला माझ्या कॉलेजच्या एका मॅडम आठवल्या. त्या भूमितीचा तास घेताना प्रश्नाची शेवटची ओळ हातानं झाकायच्या. काय काढायचंय ते दाखवायच्याच नाहीत. आधी आकृतीत काय काय दिलंय ते आम्ही सगळ्यांनी सांगायचं. एकही गोष्ट राहिली नाही अशी त्यांची खात्री झाली की मग हात काढायचा. आम्हा पोरांना ते वेळ घालवणं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवर कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढला आणि खाली लिहिलं, "वहिनी, उत्तर पाठवायचं नाही. फक्त काय दिसतंय त्याची यादी पाठवा."

तिचा निरोप आला. "आवो भावजी, काय काढायचं त्येच झाकून ठिवलंय. सोडवू काय, तुमचं डोस्कं?"

"काहीच सोडवू नका. नुसतं वाचा."

"इकडं मेंढरं वळून राहिले, तिकडं यादी करून राहिले. किराण्याची यादी बी अशी कदी केली न्हाई मी."

पण केली. त्या पहिल्या यादीत एक गोष्ट आकृतीत नसलेलीच होती. तिनं सांगितलं, "P पासून एक तिरपी रेग निघालीय, ती QR ला छेदून खाली जातीय. तिला नाव दिलेलं न्हाई." मी फोटो तीनदा पाहिला. अशी रेघ कुठंच नाही. रविवारी घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. तिच्या फोनची काच फुटलेली होती, आणि तडा बरोबर P वरून जात होता!

आम्ही दोघं इतके हसलो की आई बाहेर आली. भाऊ म्हणाला, "आता बोर्डाला सांगा, आमच्या फोनची रेग बी मोजा म्हणून." पण वहिनीनं त्यातूनही स्वतःची एक रीत काढली. चित्र बोटानं थोडं सरकवायचं. चित्राबरोबर रेघ सरकली तर ती आकृतीतली. जागची हलली नाही तर काचेची. पुढं तिनं हे इतकं अंगवळणी पाडलं की प्रत्येक निरोपाची सुरुवात "सरकवून बगितलं" अशी व्हायची.

फोटो फसवतो, हे तिला लवकर कळलं. पुस्तक नीट उघडलं नसलं तर शिवणीजवळची सरळ रेघ वाकते. फोन तिरपा धरला तर जवळची बाजू लांब दिसते, लांबची आखूड. पान पातळ असलं तर मागच्या पानावरची आकृती फिकी होऊन पुढं येते. खरं तर मी फोटो नीट काढू शकलो असतो. सुरुवातीला नीट काढलेही. पण तिरप्या फोटोत ती जास्त सावध राहते असं दिसल्यावर मी मुद्दाम कधी कधी वेडेवाकडे फोटो पाठवायला लागलो. डोळ्याला जे वाटतं त्यावर भिस्त ठेवायची नाही, हेच तर शिकायचं होतं.

पण खुणा तिच्या डोक्यात बसत नव्हत्या. दोन बाजूंवर एकेक आडवी बारीक रेघ असली की त्या बाजू समान, हे मी सांगायचो आणि ती विसरायची. कधी म्हणायची, रेघ म्हणजे त्या बाजूचा मध्य. कधी ती खूण यादीतून गाळूनच टाकायची. बाजू समान आहेत असं नुसतं दिसलं की मात्र लिहून मोकळी व्हायची.

ते सुटलं ते एका रविवारी, मेंढरांत. आमच्या गावाच्या कडेला दोन-तीन घरांचे कळप एकाच गवतावर येतात. त्या दिवशी आमचं आणि शेजाऱ्यांचं एक मेंढरू एकमेकांत मिसळलं. दोन्ही काळी, एकाच अंगाची. मी म्हणालो, "ते बघा, ते आपलं."

वहिनी म्हणाली, "कशावरून?"

"दिसतंय की."

"दिसतंय म्हणून आणलं आन् त्येंचं निगालं तर भांडण कोन करनार, तुमी का मी?" ती गेली, मेंढराला धरलं, डावा कान उलटला. आमच्या मेंढरांच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडलेल्या असतात, शेजाऱ्यांच्या एक. तिनं एक खाच पाहिली आणि मेंढरू सोडून दिलं.

मी तिथंच तिला म्हणालो, "वहिनी, आकृतीतल्या रेघा म्हणजे ह्या खाचा. एक खाच असलेल्या सगळ्या बाजू एका घरच्या. दोन खाचा असलेल्या दुसऱ्या घरच्या. आणि कान बघितल्याशिवाय कुणालाच आपलं म्हणायचं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हातातली काठी खाली ठेवली आणि ओल्या मातीत बोटानं एक त्रिकोण काढला. दोन बाजूंवर एकेक खाच पाडली. "हे दोगं एका घरचे." मग कोनांत लहान कमानी काढल्या, दोन कोनांत एकेक कमान. "हे बी एका घरचे." मग एका टोकाशी छोटा चौकोन काढला. "आन् ह्यो?"

"काटकोन. नव्वद अंश."

"चौकोन नसंल तर?"

"तर कितीही काटकोनासारखा दिसला तरी लिहायचं नाही."

"कान बगितला न्हाई," ती म्हणाली.

त्यानंतर मला खुणा पुन्हा शिकवाव्या लागल्या नाहीत. तिच्या याद्या बदलल्या. आधी अक्षरं. मग कोणता बिंदू कोणत्या रेघेवर आहे. मग आकडे, आणि प्रत्येक आकडा कुठून कुठपर्यंतचा. मग खाचा, कमानी, चौकोन, समांतरचे बाण. मग वर छापलेल्या वाक्यात जे सांगितलंय पण चित्रात दाखवलेलं नाही ते. आणि शेवटी तिनं स्वतःहून एक जागा वाढवली. तिथं ती म्हणायची, "आता हे दिलेलं न्हाई, पन निगतं." वर्तुळाच्या केंद्रापासून दोन त्रिज्या असल्या तर त्या समान. स्पर्शिका म्हटलंय तर स्पर्शबिंदूशी काटकोन. दिलेलं वेगळं आणि निघालेलं वेगळं, हे ती कधी मिसळायची नाही. माझ्या क्लासमधली शहाणी पोरं ते रोज मिसळायची.

मधल्या काळात घरात थट्टेला ऊत आला होता. माझ्यासाठी एक स्थळ आलं. वहिनी आईला म्हणाली, "आत्याबाई, भावजीला म्हनावं आदी यादी करा. दिलेलं काय, निगनारं काय. नुसतं दिसतंय म्हनून होकार देऊ नका." भाऊ हसून हसून खोकायला लागला. आईनंही तोंडावर पदर धरला. आई हसली ते मला बरं वाटलं, कारण तोवर तिनं या परीक्षेला मनापासून होकार दिला नव्हता.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी गावाकडं निघालो. जीप वाटेतल्या नरसीला माणसं भरेपर्यंत थांबली. मी बसल्या बसल्या एका सराव प्रश्नपत्रिकेचं पान मांडीवर ठेवून फोटो काढला. त्रिकोण PQR. P पासून QR वर लंब PS. PQ तेरा, PS बारा. QR काढायचं होतं. पान मांडीवर होतं, गुडघ्याकडं वाकलेलं. मी फोटो पाठवला, आणि खरं सांगतो, घाई होती म्हणून शेवटची ओळ न झाकता पाठवला. वर लिहिलं, "सोपंय. QS पाच, म्हणून QR दहा. पडताळून बघा."

जीप सुटायच्या आत तिचा निरोप आला. मी फोन कानाला लावला.

"भावजी, सरकवून बगितलं. यादी ऐका. बिंदू P, Q, R, S. S हा QR वर. PS ला QR पाशी चौकोन हाय, म्हंजी काटकोन. PQ तेरा. PS बारा. आन् PR वर एक आकडा हाय, तुमच्या गुडग्याकडं पान वळलंय तितं. मोटं करून बगितलं. पंदरा हाय. PQ आन् PR वर खाचा न्हाईत. S हा मध्य हाय असं कुठं बी लिहिलेलं न्हाई. मग QR दहा कशावरून?"

मी पान मांडीवर सपाट केलं. PR पंधरा. स्वच्छ छापलेलं. फोटोत त्रिकोण दोन्हीकडून सारखा दिसत होता, म्हणून मी PQ आणि PR समान धरल्या आणि S ला मध्यावर ठेवून दिलं. गणिताचा पदवीधर मी. कान न बघता मेंढरू घेऊन निघालो होतो.

दुसरा निरोप आला. "तेरा आन् बारावरून QS पाच, ते बराबर. पंदरा आन् बारावरून SR नऊ. पंदराचा वर्ग दोनशे पंचवीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, राह्यले एक्याऐंशी. पाच आन् नऊ चवदा. QR चवदा. चुकलं असंल तर सांगा." मग थोडं थांबून, "पन चुकलं न्हाई."

मी जीपमध्ये मोठ्यानं हसलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय झालं रे बाबा?"

मी म्हणालो, "आमच्या वहिनीनं मला नापास केलं."

"मग हसून काहून राहिला?"

घरी पोचलो तर ती अंगणात शेळीला पाला टाकत होती. वळून न बघता म्हणाली, "या मास्तर. चवदा का दहा?"

"चौदा."

"मग आज भाकर चवदाच करते, मोजून."

सेनगावला परीक्षा केंद्र होतं. भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी क्लासची रजा काढली. भाऊही आला, मेंढरं आईकडं आणि पोरीकडं सोपवून. आम्ही दोघं शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभे राहिलो. भाऊ फारसा बोलत नाही. तो फक्त मधून मधून म्हणायचा, "आता निम्मा टाइम झाला असंल." पेपर देणारी बाकी सगळी पोरं-पोरी पंधरा-सोळा वर्षांची. त्यांच्या रांगेत वहिनी नववारीत आत गेली तेव्हा एका पोरीनं तिला कुणाची तरी आई समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं. वहिनीनं तिला हॉल तिकीट दाखवलं.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली, वहिनी सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी प्रश्नपत्रिकेसाठी हात पुढं केला. तिनं ती मागं लपवली.

"आदी मी सांगते. तुमी काढा."

"काय काढू?"

"आकृती. मी वाचते ती. तुमाला दाखवनार न्हाई."

भाऊ म्हणाला, "अगं, कसा गेला तेवढं सांग की!"

"तेच सांगून राहिले. वही काढा भावजी."

मी लिंबाच्या बुंध्याला वही टेकवली. ती डोळे मिटून बोलायला लागली. "वर्तुळ. केंद्र O. बाहेर एक बिंदू P. P पासून दोन स्पर्शिका, PA आन् PB. A आन् B स्पर्शबिंदू, ते वाक्यात दिलंय. OA जोडलीय, पाच. OP जोडलीय. साठ अंशाची कमान हाय, ती P पाशी हाय, A पासून B पर्यंत, अख्ख्या कोनाला. O पाशी न्हाई. मी दोनदा बगितलं. A पाशी चौकोन काढलेला न्हाई."

मी काढत गेलो. तिनं जे सांगितलं तेवढंच, त्याच्या पुढं काही नाही. वर्तुळ, बाहेरचा P, दोन स्पर्शिका, पाच, साठ.

"आता निगनारं," ती म्हणाली. "स्पर्शिका हाय म्हणून A पाशी काटकोन. OP त्या साठाचे दोन सारके भाग करते, तीस आन् तीस. मग OAP त्रिकोनात तीस, साठ, नव्वद. तीस अंशासमोरची बाजू OA, ती कर्णाच्या निम्मी. OA पाच, म्हंजी OP धा."

मग तिनं प्रश्नपत्रिका माझ्यापुढं धरली. छापलेली आकृती आणि माझ्या वहीतली आकृती एकच होती. माझं वर्तुळ जरा चपटं आलं होतं, तेवढाच फरक. मी ती आकृती डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. तिच्या शब्दांवरून काढली होती. यादी इतकी पुरी होती की तिच्यातून आकृती परत उभी राहिली. आकृती आधी नीट वाचा, असं वर्गात फळ्यापुढं मी जे वर्षभर सांगत होतो ते मला त्या लिंबाखाली पहिल्यांदा पूर्ण दिसलं.

आजूबाजूला तीन-चार पोरं गोळा झाली होती. एक जण म्हणाला, "मावशी, साठ अंश P जवळ होता? मी O जवळ धरला." वहिनी त्याच्याकडं वळली आणि म्हणाली, "लेकरा, कमान कुटं हाय ते बगायचं, आकडा कुटं हाय ते न्हाई. आकडा सरकतो." तो बिचारा आपली प्रश्नपत्रिका उलगडून बघायला लागला. तिनं लगेच त्याच्या पाठीवर हात ठेवला, "बाकीचं आलं असंल की."

भाऊ पुन्हा म्हणाला, "म्हंजी बरा गेला ना?"

ती म्हणाली, "बरा? लई बरा!" आणि ती इतकी मोठ्यानं हसली की फाटकावरचा शिपाईही आमच्याकडं बघायला लागला. रस्त्यापलीकडच्या गाड्यावर आम्ही तिघांनी भजी खाल्ली. तिनं तिसरी प्लेट मागवली. आईसाठी आणि पोरीसाठी कागदात बांधून घेतली.

निकाल लागला त्या दिवशी मी क्लासमध्ये होतो. तिच्या बैठक क्रमांकानं निकाल उघडला. गणित: उत्तीर्ण. मार्क नुसते काठावरचे नव्हते, चांगले होते. मी घरी फोन लावला. फोन आईनं उचलला. मी म्हणालो, "आई, वहिनीला दे."

"काय झालं ते मला सांग आदी."

"पास झाली."

आईनं फोन दिला नाही. फोन हातात धरूनच तिनं रानाच्या दिशेनं हाक मारली. ती हाक मला फोनवरून अशी ऐकू आली की मी फोन कानापासून लांब धरला. "सूनबाई गंऽऽ! झाली पास! गनितात झाली पास!" मग कुणाचं तरी "काय?" मग मेंढरांचा गोंधळ, पावलं, आणि धापा टाकत वहिनीचा आवाज. "किती?"

मी मार्क सांगितले. ती म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितले. "अजून एकदा सांगा, ह्येंला ऐकू द्या." फोन भावाच्या कानाला गेला. त्यानं ऐकलं आणि फक्त "व्हय" म्हणाला.

मूळ मार्कमेमो शाळेत आला तेव्हा मी गावी होतो. ती मला सोबत घेऊन उपकेंद्रात गेली. नर्सबाई रजिस्टरात काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय काम आहे?"

"अर्ज द्यायचाय. आशाचा."

"दहावी?"

वहिनीनं मार्कमेमो टेबलावर ठेवला, सरळ करून, कोपरे बोटांनी दाबून. नर्सबाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या. गणिताच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी वहिनीकडं पाहिलं आणि कपाटातून कोरा अर्ज काढला.

"बस," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर बस. नाव सांग, मीच लिहिते."

वहिनी बसली नाही. तिनं नर्सबाईंच्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाली, "मी लिहिते की, बाई." टेबलावर वाकून ती अर्ज भरायला लागली. शिक्षण लिहायच्या जागी तिनं ठळक अक्षरात लिहिलं, दहावी उत्तीर्ण. मी दाराशी उभा राहून ते वाचलं, आणि मग बाहेर जाऊन थोडा वेळ उन्हात उभा राहिलो.